दुरून दुरुस्त केलेला प्रिंटर पुन्हा पुन्हा ‘ऑफलाइन’ होतो: तंत्रज्ञाला संगणक देण्याआधी, देताना आणि दिल्यानंतर

वाय-फायवर जोडलेला प्रिंटर दर काही दिवसांनी संगणकावर ‘Offline’ दिसू लागतो. तंत्रज्ञाला फोन केला की तो अ‍ॅनीडेस्कसारख्या प्रोग्रॅममधून आपला संगणक हाती घेतो, वीस मिनिटे इकडेतिकडे करतो, चाचणीचे पान छापून दाखवतो आणि पैसे घेतो. पुढच्या आठवड्यात तेच रडगाणे पुन्हा सुरू होते. दुरून दुरुस्ती करणे हाच माझा व्यवसाय आहे आणि इंदूरमधल्या मराठी घरांतून, विशेषतः घरीच कार्यालय थाटलेल्या मंडळींकडून, ही एक तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो. दोष प्रिंटरमध्ये क्वचितच असतो. सत्राच्या आधी नेमका प्रश्न ठरलेला नसतो आणि सत्रानंतर नेमकी चाचणी घेतलेली नसते, म्हणून तीच दुरुस्ती विकत घ्यावी लागते. शिवाय अशा प्रत्येक सत्रामागे संगणकात शिरण्याची एखादी वाट उघडी राहण्याचा संभव असतो, तो वेगळाच.

उदाहरणासाठी रामबागेतल्या एका कर सल्लागारांचे प्रकरण घेतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे विंडोज ११ चा संगणक, वाय-फायवर चालणारा लेझर प्रिंटर आणि इंटरनेट कंपनीने दिलेला साधा राउटर आहे. प्रिंटर बंद पडला की ते आधीच्या एका तंत्रज्ञाला बोलावत आणि तो प्रत्येक वेळी जुनी नोंद तशीच ठेवून प्रिंटर नव्याने जोडत असे. परिणामी प्रिंटरच्या यादीत एकाच यंत्राच्या ‘Copy 1’, ‘Copy 2’ अशा नोंदी साचल्या होत्या आणि टॅली जुन्याच नोंदीकडे छपाई पाठवत होती. अशी ‘Copy’ची रांग दिसली, तर मुळाला कोणी हात लावलेला नाही हे समजून घ्यावे.

सत्राआधी: प्रश्न स्वतः ठरवावा

तंत्रज्ञाला फोन करण्यापूर्वी दोन पत्ते मिळवावेत. पहिला पत्ता प्रिंटर स्वतः सांगतो: त्याच्या पटलावरून नेटवर्कच्या माहितीचे पान छापता येते आणि त्यावर नेटवर्कमधला बदलू शकणारा आयपी पत्ता आणि यंत्राची स्वतःची ओळख असलेला मॅक पत्ता असे दोन्ही असतात. दुसरा पत्ता म्हणजे संगणक छपाई जिथे पाठवतो तो. ‘Printer properties’ उघडून ‘Ports’ या भागात ज्या ओळीसमोर खूण आहे, तिथे तो बहुधा दिसतो. त्या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण तंत्रज्ञाने ती ओळ बदलली की आधी काय होते हे सांगणारे दुसरे काही उरत नाही. काकांच्या संगणकात पोर्टवर 192.168.1.5 होते आणि प्रिंटरने छापलेल्या पानावर 192.168.1.9 होते. हे दोन आकडे जुळत नाहीत एवढे कळले, की निम्मे निदान झाले.

असे होण्याचे कारण साधे आहे. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला तात्पुरता पत्ता वाटतो. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी वीज गेली किंवा आषाढातल्या एखाद्या दुपारी दोन-तीनदा झटका बसला, की राउटर नव्याने सुरू होतो आणि बरेच साधे राउटर आधी कोणाला काय दिले होते ते विसरतात. मोबाइल आणि टीव्ही आधी जोडले जातात, प्रिंटर सावकाश जागा होतो, आणि त्याच्या हाती दुसराच पत्ता पडतो. संगणक मात्र जुन्या पत्त्यावरच कागद पाठवत राहतो.

इथे एक चकवा आहे आणि त्यात भले तंत्रज्ञही फसतात. काकांच्या संगणकावरून जुन्या पत्त्याला हाक मारून पाहिली तर उत्तर येत होते, म्हणून आधीच्या गड्याने ‘नेटवर्क ठीक आहे, ड्रायव्हर खराब आहे’ असा निष्कर्ष काढला होता. प्रत्यक्षात तो पत्ता काकूंच्या मोबाइलला मिळाला होता आणि उत्तर मोबाइल देत होता. ही शंका फेडण्यासाठी ‘cmd’ उघडून पुढच्या दोन ओळी चालवाव्यात.

```
ping 192.168.1.5
arp -a
```

दुसऱ्या आज्ञेने जी यादी येते, तीत त्या आयपी पत्त्यासमोर मॅक पत्ता दिसतो. तो प्रिंटरने छापलेल्या पानावरच्या मॅक पत्त्याशी जुळत नसेल, तर पलीकडे प्रिंटर नाही, दुसरेच काही आहे. उलट दोन्ही पत्ते जुळत असूनही प्रिंटर ‘Offline’ दिसत असेल, तर दुखणे निराळे आहे. अशा वेळी पोर्टच्या ‘Configure Port’ खिडकीतली ‘SNMP Status Enabled’ ही खूण काढल्याने पुष्कळदा काम भागते, आणि त्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरज नाही.

आता तंत्रज्ञाशी बोलताना ‘प्रिंटर चालत नाही’ असे न म्हणता, ‘लाईट गेली की प्रिंटरचा आयपी बदलतो, तो पक्का करून द्यायचा आहे, प्रिंटर पुन्हा नव्याने जोडायचा नाही’ असे सांगावे. पैशांचा करारही याच वाक्यावर करावा. काकांनी नव्या तंत्रज्ञाला सरळ हिंदीत विचारले, ‘राउटर बंद-चालू करके दिखाओगे ना, उसके बाद ही पेमेंट करूँगा।’ जो या अटीला कां-कूं करतो, त्याला काम देऊ नये.

सत्राआधी: काय बंद करावे, काय बाहेर काढावे

प्रिंटरच्या दुरुस्तीला आपल्या कागदपत्रांची काहीच आवश्यकता नसते, म्हणून ती नजरेआड करणे हे आपले काम. कर सल्लागाराच्या टेबलावर तर जोखमीच्या दोन वस्तू हमखास असतात. एक म्हणजे अशिलांच्या डिजिटल सहीचे यूएसबी टोकन, जे कित्येक जण संगणकाच्या मागे कायमचे खोचून ठेवतात. दुसरी म्हणजे सर्व अशिलांचे पॅन आणि पोर्टलचे पासवर्ड एकत्र लिहिलेली एक्सेल फाइल, जी बहुधा डेस्कटॉपवरच असते आणि जिचे नावही ‘Password’ असेच असते. टोकन काढून खणात ठेवावे. ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन संगणकावरून काढावी, रीसायकल बिन रिकामे करावे आणि पेनड्राइव्हही बाहेर काढावा. सत्रात व्यवस्थापकाची, म्हणजे ‘Administrator’ची, परवानगी द्यावीच लागणार असल्याने फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये लपवण्याला फारसा अर्थ नाही.

ब्राउझर नुसता झाकून ठेवू नये, पूर्ण बंद करावा. बँक, ईमेल आणि आयकर पोर्टल यांतून आधी बाहेर पडावे. व्हॉट्सअ‍ॅपची संगणकावरची खिडकीही बंद करावी. एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही: विंडोजमधले ‘Phone Link’ चालू असेल तर मोबाइलवर आलेला ओटीपी संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात झळकतो आणि तो तंत्रज्ञालाही दिसतो. सत्रापुरते ते बंद ठेवावे.

मग परतीची वाट तयार करावी. स्टार्टमध्ये ‘Create a restore point’ असे टंकल्यावर जी खिडकी उघडते, तीत सी ड्राइव्हसमोर ‘On’ आहे का ते पाहावे. नसेल तर ‘Configure’मधून संरक्षण चालू करावे आणि ‘Create’ दाबून आजच्या तारखेचे नाव द्यावे. यामुळे ड्रायव्हर आणि विंडोजची मांडणी मागे नेता येते, परंतु आपल्या फायली यात जपल्या जात नाहीत, हे ध्यानात असू द्यावे. टॅलीच्या डेटाची आणि चालू वर्षाच्या विवरणपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्यावी आणि ती डिस्क सत्राच्या वेळी जोडलेली नसावी.

कोणत्या प्रोग्रॅममधून संगणक द्यायचा, हेही शक्य असल्यास आपणच सुचवावे. विंडोजमधले ‘Quick Assist’ माझ्या पसंतीचे आहे. कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही तीन बटणे एकत्र दाबली की ते उघडते. तंत्रज्ञाने दिलेला कोड आपण भरायचा असतो, मायक्रोसॉफ्ट खात्यातून प्रवेश त्याला करावा लागतो, आणि सत्र मिटले की मागे काहीही उरत नाही, कारण मालकाच्या अनुपस्थितीत आत येण्याची सोयच त्यात नाही. त्याला अ‍ॅनीडेस्कच हवे असेल तर तेही चालेल. मात्र ते त्या कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून आपण स्वतः उतरवावे आणि स्थापित न करता, उतरवलेली फाइल नुसती चालवावी. तंत्रज्ञाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल चालवू नये. मोबाइलचा पडदा तर कोणालाही, कुठल्याही सबबीवर, देऊ नये. संगणकाच्या दुरुस्तीशी त्याचा काडीचा संबंध नसतो.

हे सगळे आपण शोधून, जेल रोडवरच्या दुकानात विचारून किंवा ओळखीतून बोलावलेल्या माणसाबद्दल आहे. ज्याने स्वतःहून फोन करून ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे सांगितले, तो तंत्रज्ञ नव्हे. त्याच्यासाठी सत्राआधी करण्याची गोष्ट एकच, फोन ठेवणे.

सत्र चालू असताना

अ‍ॅनीडेस्कमध्ये समोरचा जोडू लागला की स्वीकाराची खिडकी येते आणि तिच्यात परवानग्यांच्या खुणा असतात. घाईघाईने हिरवे बटण दाबण्यापूर्वी त्या पाहाव्यात. माऊस आणि कळफलक चालवू द्यावा, फायली पाठवण्या-नेण्याची परवानगी काढावी, आणि क्लिपबोर्डचीही काढावी, कारण आपण कॉपी केलेला मजकूर त्यातून पलीकडे जातो. नवा ड्रायव्हर लागलाच तर तो प्रिंटरच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्याच संगणकात उतरवता येतो.

फोन स्पीकरवर ठेवून खुर्चीतच बसावे. चहा टाकायला उठू नये. तंत्रज्ञाने काहीही पुसण्याआधी किंवा बदलण्याआधी ते तोंडाने सांगावे आणि आपण जुना आकडा कागदावर उतरवून घ्यावा, असा सरळ नियम ठेवला तर चांगला तंत्रज्ञ नाराज होत नाही. उलट पुढे काही बिघडले तर तोच कागद त्याच्या कामी येतो.

पडद्याबाबत एक खूण ओळखून ठेवावी. विंडोज जेव्हा ‘हा प्रोग्रॅम बदल करू इच्छितो, परवानगी आहे का’ असे विचारते, तेव्हा आपला पडदा मंद होतो आणि मध्ये प्रश्न दिसतो. पलीकडे तंत्रज्ञाला त्या वेळी बहुधा काहीच दिसत नाही, म्हणून तो ‘येस दाबा’ म्हणतो. हे नेहमीचे आहे. प्रोग्रॅमचे नाव वाचून मग होकार द्यावा. मात्र आपलाच पडदा पूर्ण काळा झाला आणि माऊस आपल्याला जुमानेनासा झाला, तर समोरच्याने आपल्याला दिसू नये अशी व्यवस्था केलेली असू शकते. प्रिंटरच्या दुरुस्तीत त्याची कधीही गरज पडत नाही. अशा वेळी विचारत न बसता राउटरचे बटण बंद करावे.

काकांच्या सत्रात खरे काम दहा मिनिटांचेच होते. तंत्रज्ञाने ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडून राउटरच्या पानावर प्रवेश केला. त्याचा पासवर्ड राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर होता आणि तो काकांनी स्वतः टंकला. तिथे डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, भागात पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. प्रिंटरच्या पानावरचा मॅक पत्ता भरून त्याच्या नावे 192.168.1.9 राखून ठेवला. नंतर संगणकात प्रिंटरच्या मूळ नोंदीच्या पोर्टवर तोच पत्ता दिला आणि ‘Copy’च्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या. मूळ नोंद तशीच राहिल्याने टॅलीत काही बदलावे लागले नाही.

काही इंटरनेट कंपन्यांच्या राउटरमध्ये ही सोय ग्राहकाला दिसत नाही. तेव्हा प्रिंटरच्याच पटलावर पक्का पत्ता टाकावा लागतो आणि तो राउटरच्या वाटपाच्या मर्यादेबाहेरचा निवडावा लागतो. उदाहरणार्थ, राउटर 192.168.1.2 ते 192.168.1.100 वाटत असेल, तर प्रिंटरला 192.168.1.200 द्यावा. मर्यादेच्या आतला पत्ता दिला, तर तोच एखाद्या मोबाइललाही मिळून आज ना उद्या टक्कर होते. तंत्रज्ञाने आत्ता मोकळा असलेला कुठलाही पत्ता ठोकून दिला, तर त्याला वाटपाची मर्यादा दाखवायला सांगावी.

इथवर आल्यावर सत्रातला सर्वांत नाजूक क्षण येतो. राउटर किंवा संगणक पुन्हा सुरू करायचा म्हटले की जोडणी तुटते, आणि तंत्रज्ञ म्हणतो, ‘एक पासवर्ड डाल देता हूँ, अपने आप जुड़ जाएगा।’ त्याचा हेतू शुद्ध असू शकतो, कारण वारंवार स्वीकाराचे बटण दाबायला लावणे कटकटीचेच असते. पण मालक जवळ नसताना आत येण्याचा हा पासवर्ड एकदा ठेवला, की तो काढण्याची आठवण कोणालाच राहत नाही. काकांच्या संगणकात आधीच्या तंत्रज्ञाचा असाच पासवर्ड तसाच पडून होता आणि संगणक चालू असेल तेव्हा तो केव्हाही आत येऊ शकत होता. तो आला असे नाही, परंतु येऊ शकत होता. आपण खुर्चीतच बसलेले असल्याने जोडणी तुटल्यावर पुन्हा स्वीकार करायला अर्धे मिनिट लागते. तेवढे सोसावे आणि पासवर्डला नाही म्हणावे.

सत्रानंतर: पैसे देण्याआधीची चाचणी

चाचणीचे पान छापले जाणे हा दुरुस्तीचा पुरावा नव्हे. नव्याने जोडलेला प्रिंटर त्या क्षणी छापणारच. ज्या कारणाने बिघाड होतो ते कारण मुद्दाम घडवून पाहावे. प्रिंटर आणि राउटर दोन्ही भिंतीवरच्या बटणाने बंद करावेत, दोन मिनिटांनी आधी राउटर सुरू करावा, घरातले सगळे मोबाइल वाय-फायला जोडले जाऊ द्यावेत आणि सर्वांत शेवटी प्रिंटर सुरू करावा. पत्ता हुकण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती नाही. आता प्रिंटरवरून नेटवर्कचे पान पुन्हा छापावे. पत्ता तोच असेल आणि टॅलीतून एक पावती निघाली, तर काम झाले. तंत्रज्ञ फोनवर असतानाच हे उरकावे.

सत्रानंतर: दार लावणे

हे काम तंत्रज्ञावर सोपवू नये. ‘Quick Assist’ असेल तर खिडकी बंद केली की झाले. अ‍ॅनीडेस्क आधीपासून स्थापित असेल तर काढण्यापूर्वी त्याची नोंदवही पाहावी. विंडोज आणि आर ही बटणे दाबून पुढची ओळ टंकावी.

```
%programdata%\AnyDesk\connection_trace.txt
```

स्थापित न करता चालवलेल्या प्रतीची नोंद `%appdata%\AnyDesk` या फोल्डरमध्ये सापडते. प्रत्येक ओळीत ‘Incoming’ हा शब्द, तारीख, वेळ आणि समोरच्याचा क्रमांक असतो. त्यांच्या मध्ये ‘User’ असेल तर कोणीतरी समोर बसून स्वीकार केला होता. ‘Passwd’ असेल तर पासवर्ड वापरून प्रवेश झाला. ‘Token’ असेल तर आधी जपून ठेवलेल्या परवानगीवर झाला. आपल्याला पक्की आठवत असलेल्या एका सत्राशी वेळ ताडून घ्यावी आणि मग बाकीच्या ओळी वाचाव्यात. ज्या दिवशी आपण कोणाला बोलावलेच नव्हते, त्या दिवशी ‘Passwd’ किंवा ‘Token’ची ओळ असेल, तर फाइलची प्रत काढून ठेवावी. त्यानंतर ‘Installed apps’मधून अ‍ॅनीडेस्क काढून टाकावे.

पुढे ‘Windows Security’मध्ये विषाणूसंरक्षणाच्या मांडणीतली ‘Exclusions’ची यादी उघडावी. प्रिंटरच्या कामात तिथे नवी नोंद होण्याचे कारण नाही. फुकटातले ऑफिस टाकून देणारे लोक मात्र आपला फोल्डर तिथे नोंदवून ठेवतात, जेणेकरून विंडोजने तो तपासू नये. व्यवस्थापकांच्या यादीत नवे नाव आले आहे का, हे पुढच्या आज्ञेने कळते.

```
net localgroup administrators
```

त्या दिवशी काय काय स्थापित झाले हे एका नजरेत पाहायचे असेल तर `perfmon /rel` चालवावे, तारखांनुसार आलेख येतो. शेवटी राउटरचा पासवर्ड बदलावा, कारण आता तो तंत्रज्ञाच्या माहितीचा असू शकतो, आणि बुडाशी चिकटवलेला तर घरी येणाऱ्या कोणालाही वाचता येतो.

नोंदवहीत परकी ओळ सापडली किंवा सत्रात बँकेचे पान उघडले गेले, तर संगणकाचे इंटरनेट तोडावे आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. आधी ईमेलचा, मग बँकेचा, मग अशिलांच्या पोर्टलचे. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे आणि तक्रार `cybercrime.gov.in` वर नोंदवावी. डिजिटल सहीचे टोकन त्या वेळी जोडलेले राहिले असेल, तर ज्या संस्थेने ते प्रमाणपत्र दिले तिच्याकडून ते रद्द करून घ्यावे आणि संबंधित अशिलाला त्याच दिवशी सांगावे. संगणक लगेच फॉरमॅट करण्याचा मोह आवरावा, कारण त्याबरोबर ती नोंदवहीही जाते आणि तक्रारीला जोडायला काहीच राहत नाही.